मामांचं हृदय खरंच मोठं झालंय?

परवा घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मावसभावाने मामांच्या छातीच्या एक्स-रेचा फोटो टाकला. खाली एवढंच : "हृदय मोठं दिसतंय ना?" तासाभरात तिघांनी 'हो' म्हणून टाकलं.

हृदयाची सावली छातीच्या आतल्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त नसावी, हा ठोकताळा खरा आहे. पण तो उभ्या माणसाच्या, पूर्ण श्वास भरून काढलेल्या फोटोचा. तेव्हा छाती प्लेटला टेकलेली असते, किरण सुमारे 6 फुटांवरून पाठीकडून येतात. मामा खाटेवर होते. प्लेट पाठीखाली, यंत्र समोरून आणि जवळ. हृदय छातीत पुढच्या बाजूला असतं, म्हणजे इथे ते प्लेटपासून लांब पडलं. दिव्याजवळ हात धरला की भिंतीवर पंजा मोठा दिसतो, तसंच हे. त्यात श्वास अर्धवट घेतला असेल तर सावली आणखी पसरते.

फिल्मच्या कोपऱ्यात 'एपी' अशी खूण होती, म्हणजे किरण समोरून. भावाने फोटो काढताना नेमका तोच कोपरा कापला होता!

शिवाय सावली खरोखर मोठी असली, तरी स्नायू ताणलाय की भोवती पाणी साठलंय, हे तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी तपासणी आणि टूडी इको लागतो. तेव्हा ग्रुपवर एक्स-रे आला, तर 'हो-नाही' लिहू नका. रुग्णाला धाप लागते का, पायांना सूज आहे का, एवढं विचारा. असेल तर त्याला लगेच दवाखान्यात न्या.