पट्टे आवळले ते सोमवारी, अलर्ट वाजला बुधवारी

जॉन बॉलिंजर या अमेरिकी विश्लेषकाने १९८०च्या दशकात भावाच्या आलेखावर तीन रेषा काढायला सुरुवात केली. मधली रेषा म्हणजे शेवटच्या २० बंद भावांची सरासरी. वरची आणि खालची रेषा त्या सरासरीपासून दोन-दोन प्रमाण विचलनांवर असतात. भाव सरासरीभोवती जितके विखुरलेले, तितके हे बँड रुंद. बाजार सुस्तावला की बँड एकमेकांजवळ सरकतात, आणि ट्रेडर म्हणतात, ‘स्क्वीझ आला’. चढउताराचे दिवस आणि थंड दिवस आळीपाळीने येतात, म्हणून स्क्वीझनंतर मोठी हालचाल होईल अशी अपेक्षा धरली जाते.

पण बँड ‘जवळ आले’ हे ठरवायचे कशावरून? वरच्या आणि खालच्या बँडमधले अंतर मधल्या सरासरीने भागले की रुंदी टक्क्यांत मिळते. शेअर ५०० रुपयांवर आणि प्रमाण विचलन २ रुपये असेल, तर बँड ४९६ आणि ५०४वर येतात. अंतर ८ रुपये, म्हणजे रुंदी १.६ टक्के. हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. एखाद्या शेअरला १.६ टक्के म्हणजे गाढ झोप, तर दुसऱ्याला रोजचेच. म्हणून प्रत्येक शेअरची तुलना त्याच्याच मागच्या काळाशी करतात. मागच्या १२५ कँडलमधल्या सर्वांत कमी रुंदीपेक्षाही आजची रुंदी खाली गेली, तर अलर्ट.

पायथनमध्ये हे सगळे सहा ओळींत बसते:

```python
mid = close.rolling(20).mean()
sd = close.rolling(20).std(ddof=0)
bw = 4 * sd / mid
low = bw.shift(1).rolling(125).min()
sq = bw < low
alert = sq & ~sq.shift(1, fill_value=False)
```

यात `shift(1)` फार मोलाचे आहे. ते नसेल तर चालू कँडलही नीचांकाच्या हिशेबात धरली जाते. मग रुंदी स्वतःपेक्षा कमी कधीच होणार नाही आणि अलर्ट कायमचा मुका राहील. शेवटची ओळ एकाच स्क्वीझसाठी लागोपाठ अलर्ट येऊ देत नाही. हिशेब मात्र बंद झालेल्या कँडलवरच करावा. कँडल अर्धवट असताना दिसलेला स्क्वीझ तास संपेपर्यंत नाहीसाही होतो.

खरी गुंतागुंत तासाच्या कँडलमुळे येते. एनएसईवर शेअरचे व्यवहार सव्वानऊ ते साडेतीन चालतात. म्हणजे दिवसाला सहा पूर्ण तास, आणि शेवटची सातवी कँडल जेमतेम १५ मिनिटांची. अशा २० कँडल म्हणजे जवळपास तीन दिवस. १२५ हा आकडा रोजच्या कँडलसाठी साधारण सहा महिन्यांचा होतो; तासाच्या आलेखावर तोच १८ दिवसांवर येतो. सहा महिन्यांचीच तुलना हवी असेल, तर १२५ला सातने गुणून ८७५ कँडल घ्याव्या लागतात.

त्यात रात्रीची गॅप आली की काय होते, ते एका काल्पनिक शेअरवर पाहू. शेअर ५००च्या आसपास रेंगाळतो आहे, प्रमाण विचलन फक्त १ रुपया, रुंदी ०.८ टक्के. सोमवारी तो ५१०वर उघडतो आणि तिथेही तितकाच निवांत राहतो. मंगळवारी सव्वाबाराला २०पैकी दहा भाव जुन्या पातळीचे आणि दहा नव्या पातळीचे असतात, आणि रुंदी फुगून सुमारे ४ टक्के दिसते. बुधवारी सव्वादोनला जुना भाव एकच उरतो, तरी रुंदी १.९ टक्के. सव्वातीनला तोही गळतो आणि रुंदी एका झटक्यात ०.७८ टक्क्यांवर येते. आधीच्या ०.८ टक्क्यांपेक्षा हे कमी, म्हणून अलर्ट वाजतो.

त्या तासात बाजारात काहीच घडलेले नसते. चढउतारही आधीइतकाच आहे. सरासरी ५००ची ५१० झाल्याने भागाकार तेवढा लहान आला. शेअर सोमवार सकाळपासूनच शांत होता, पण गॅपने ती शांतता जवळपास तीन दिवस झाकून ठेवली. अलर्टची वेळ म्हणजे स्क्वीझ सुरू होण्याची वेळ, असे समजणारा इथे फसतो.

हे ओळखायला फार खटाटोप लागत नाही. अलर्ट आला की २० कँडलच्या खिडकीतून नुकताच कोणता भाव बाहेर पडला, ते पाहावे. तो आताच्या भावापासून फार दूर असेल, तर रुंदीची घसरण त्याच्यामुळे आहे. शिवाय प्रत्येक कँडलच्या उच्चांक-नीचांकातल्या फरकाची सरासरी शेजारी मांडावी. या फरकात रात्रीची गॅप येतच नाही, त्यामुळे शेअर खरोखर कधी थंडावला ते त्यात आधीच दिसते. १५ मिनिटांच्या कँडलचा फरक साहजिकच लहान असतो. ती या सरासरीतून वगळलेली बरी.

दिशेबद्दल मात्र रुंदी अवाक्षर काढत नाही. बॉलिंजर यांनीच ‘हेड फेक’चा इशारा दिला आहे: स्क्वीझनंतर भाव आधी एका बाजूला उसळतो आणि मग उलटून दुसरीकडे खरा प्रवास सुरू करतो. म्हणून बँडबाहेर गेलेल्या पहिल्याच कँडलवर उडी न मारता अनेक जण त्या कँडलचा व्हॉल्यूम तपासतात. तासाच्या आलेखावर ही तुलना आदल्या दिवसांच्या त्याच तासाशी करावी, कारण सकाळचा पहिला तास आणि दुपारचा एक यांचा व्हॉल्यूम एरवीही सारखा नसतो.