काट्यावरचं खोटं वजन

‘सगळं डिजिटल झालंय, मग सर्किट कशाला सोडवायचं?’ पहिल्या तासाला हा प्रश्न येतोच. मी सूरजागडच्या लोहखनिजाचा ट्रक काट्यावर उभा करतो.

काट्याखालचा लोडसेल अॅनालॉगच. समजा १० व्होल्ट दिले, तर पूर्ण भाराला जेमतेम २० मिलिव्होल्ट मिळतात. त्यात विजेच्या तारांची ५० हर्ट्झची गुणगुण मिसळते. सेकंदाला नेमके ५० नमुने घेतले, तर प्रत्येक नमुना लहरीच्या त्याच जागी पडतो आणि गुणगुण स्थिर आकडा होऊन वजनात शिरते. मग कोड कितीही लिहा, ती वेगळी निघत नाही.

ओळखायचं कसं? नमुने ४७ करून बघा; खोटं वजन सेकंदाला तीनदा डोलतं. उपाय नमुन्यांच्या आधीच हवा: अँप्लिफायरनंतर १० किलोओहम, १० मायक्रोफॅरड. गुणगुण तीसेक पटीने घटते. आकडा स्थिरावायला अर्धा सेकंद जातो, पण ट्रक उभाच असतो! चालत्या पट्ट्यावर मात्र हा हिशेब पुन्हा मांडावा लागतो.