स्लॅश सत्तावीसमध्ये किती यंत्रं मावतात?

एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ३० संगणक बसवायचे होते आणि तिथलं नेटवर्क माझ्याकडे होतं. मी त्यांच्यासाठी `192.168.5.96/27` हा पत्त्यांचा गट राखून ठेवला. `/27`च्या गटात वापरण्याजोगे पत्ते ३० असतात, संगणकही ३० होते. कागदावर हिशेब चोख जुळला.

पहिल्याच आठवड्यात प्रयोगशाळा सहायकाचा फोन आला, "सर, आज नऊ नंबर आणि बावीस नंबर नेटला लागत नाहीत." दुसऱ्या दिवशी ते दोन्ही सुरळीत चालू होते, पण चार आणि सतरा अडले. केबल बदलून पाहिली, स्विचवरची जागा बदलून पाहिली, काही उपयोग झाला नाही. शेवटी अडलेल्या संगणकासमोर बसून `ipconfig` ही आज्ञा दिली, तेव्हा पडद्यावर हे आलं:

```
Autoconfiguration IPv4 Address : 169.254.83.12
Subnet Mask                    : 255.255.0.0
```

`169.254`ने सुरू होणारा पत्ता दिसला की समजायचं, संगणकाने पत्ता मागितला होता, पण कुणीच दिला नाही, म्हणून त्याने तात्पुरता एक स्वतःच घेतला. त्यातून दोष संगणकात असता तर रोज तोच अडला असता. इथे रोज वेगळा अडत होता. सकाळी जो उशिरा सुरू होईल तो उपाशी राहायचा. म्हणजे पत्तेच कमी पडत होते, आणि चूक माझ्या मोजणीत होती.

ती चूक समजायला आधी तो तिरप्या रेघेनंतरचा २७ काय सांगतो ते पाहायला हवं. लँडलाइनचा एसटीडी कोड आठवा. सुरुवातीचं शून्य सोडलं तर पुण्याचा कोड २० आणि पुढे आठ आकडी नंबर. रत्नागिरीचा कोड २३५२ आणि पुढे सहा आकडी नंबर. दोन्हीकडे मिळून आकडे दहाच. कोड जितका लांब, तितके त्या गावाला नंबरांसाठी आकडे कमी उरतात. आयपी पत्त्याचंही असंच आहे. आज सर्रास वापरात असलेल्या चौथ्या आवृत्तीचा पत्ता एकूण ३२ बिटांचा असतो, आणि बिट म्हणजे ० किंवा १. `/27` याचा अर्थ पहिली २७ बिटं हा गटाचा कोड, तो गटातल्या सगळ्यांचा सारखाच. यंत्रांना वेगवेगळे नंबर द्यायला उरली ५ बिटं. फोनच्या नंबरात एक आकडा वाढला की नंबर दहापट होतात, इथे एक बिट वाढलं की दुप्पट. पाच बिटांचे ३२ पत्ते होतात.

पाठ करायचंच असेल तर एकच गोष्ट पुरते: `/24`चे २५६ पत्ते. तिथून रेघेनंतरचा आकडा एकाने वाढला की पत्ते निम्मे. `/25`चे १२८, `/26`चे ६४, `/27`चे ३२.

या ३२ मधले दोन कुठल्याही यंत्राला देत नाहीत. कोणते दोन, हे शेवटच्या आकड्याची आठ बिटं मांडली की डोळ्यांना दिसतं. त्यातली पहिली तीन कोडमध्ये गेली आहेत, उरलेली पाच आपली:

```
011 00000  ->  96
011 11111  ->  127
```

पाचही बिटं शून्य असलेला ९६ हा पत्ता म्हणजे त्या गटाचंच नाव. पाचही बिटं एक असलेला १२७ हा दवंडीचा पत्ता. त्यावर पाठवलेला निरोप एकासाठी नसतो, गटातल्या सगळ्या यंत्रांसाठी असतो. हे दोन वजा केले की ९७ ते १२६ असे ३० उरतात. सूत्रात लिहायचं तर, `n` हा रेघेनंतरचा आकडा धरून:

```
2^(32-n) - 2
```

हे ‘वजा दोन’ मात्र सगळीकडे लागू पडत नाही. दोन राउटर एकमेकांना थेट जोडायचे असतील तर गटात दोनच यंत्रं असतात. पूर्वी त्यासाठी `/30` वापरत, म्हणजे चार पत्त्यांमधले दोन वाया. पण समोर एकच यंत्र असताना दवंडी कुणासाठी पिटायची? म्हणून २००० साली अशा जोडणीसाठी `/31` चालेल असं ठरलं. त्यात पत्ते दोनच आणि दोन्ही वापरायचे. सूत्र लावलं असतं तर उत्तर शून्य आलं असतं. उलट ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये प्रत्येक गटातले पहिले चार आणि शेवटचा एक असे पाच पत्ते कंपनी स्वतःकडे ठेवते. तिथे `/28` घेतला तर सोळातले चौदा नाही, अकराच हाती येतात.

माझ्या प्रयोगशाळेत सूत्राचं उत्तर बरोबरच होतं. मी विसरलो ते हे, की पत्ता फक्त संगणकाला लागत नाही. गटातून बाहेर जाण्याचा दरवाजा म्हणजे राउटर, त्याला गटातलाच एक पत्ता लागतो. त्याने ९७ घेतला होता. कोपऱ्यातल्या प्रिंटरला मी ९८ कायमचा बांधून दिला होता. संगणकांसाठी उरले २८, म्हणून रोज बरोबर दोन अडत होते. एखाद्या दिवशी तीन अडायचे, त्याचंही कारण पुढे सापडलं. कुणीतरी आपला लॅपटॉप तासभर जोडून गेलेला असायचा. तो माणूस निघून गेला तरी पत्त्याची ठरलेली मुदत संपेपर्यंत तो पत्ता त्याच्याच नावावर राहतो.

उपाय सोपा वाटला: `/27` खोडून `/26` लिहायचं, म्हणजे ६२ पत्ते. पण गट हवा तिथून सुरू करता येत नाही. ६४चा गट ०, ६४, १२८ किंवा १९२ याच आकड्यांवर सुरू होतो. `192.168.5.96/26` असं लिहिलं तर तो गट ९६पासून धरला जात नाही, ६४ ते १२७ असा धरला जातो. आणि ६४ ते ९५ हे पत्ते कार्यालयाकडे होते. लेखनिकांच्या संगणकांचे पत्ते प्रयोगशाळेने स्वतःचे मानले असते. मग तिथल्या यंत्रांनी कार्यालयासाठीचा निरोप राउटरकडे दिलाच नसता, आपल्याच खोलीत त्या यंत्रांना हाका मारत बसली असती. अशा वेळी इंटरनेट व्यवस्थित चालतं, फक्त शेजारची खोली लागत नाही. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

म्हणून मोकळा असलेला `192.168.5.128/26` घेतला. १२८ गटाचं नाव, १९१ दवंडीचा, राउटरला १२९. संगणकांनी सकाळी सुरू होताच आपापले नवे पत्ते मागून घेतले आणि तिसही नेटला लागले. दुपारी सहायकाचा पुन्हा फोन, "सर, प्रिंट निघत नाही." प्रिंटरचा पत्ता हाताने बांधलेला, त्यामुळे तो जुन्या ९८वरच बसून होता. त्याला १३० दिला आणि सगळ्या संगणकांवरही तोच बदलून टाकला.