यूएसबी-सी पोर्टमधून चित्र कधी बाहेर पडते?

लॅपटॉपला यूएसबी-सीचे दोन पोर्ट असतात, दिसायला अगदी सारखे. यूएसबी-सी ते एचडीएमआय केबल एकात लावली की टीव्हीवर चित्र येते. तीच केबल दुसऱ्यात लावली की पडदा काळाच राहतो. मग केबल खराब निघाली असे समजून लोक ती बदलून आणतात आणि नव्या केबलनेही तेच होते. यूएसबी-सी हे फक्त पोर्टच्या आकाराचे नाव आहे. आत त्याच्या तारा कुठे जोडल्या आहेत, हे आकारावरून कळत नाही.

या पोर्टमध्ये २४ पिना असतात. त्यांत वेगवान डेटासाठी तारांच्या चार जोड्या असतात, म्हणजे चार मार्गिका. एरवी त्यांवरून यूएसबीचा डेटा जातो. २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने ‘डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड’ जाहीर केला आणि याच मार्गिका चित्रासाठी वापरायची सोय झाली. केबल लावताच लॅपटॉप आणि समोरचे उपकरण एका वेगळ्या पिनेवरून आधी बोलणी करतात. दोघांनाही हा मोड येत असेल, तर मार्गिका यूएसबीकडून काढून ग्राफिक्सच्या चिपकडे वळवल्या जातात. पण हे व्हायला कंपनीने त्या पोर्टपर्यंत ग्राफिक्सच्या तारा आणलेल्या हव्यात आणि मार्गिका वळवणारी चिपही बसवलेली हवी. त्यात खर्च आहे. म्हणून स्वस्त लॅपटॉपमध्ये एखादा पोर्ट नुसता डेटा आणि चार्जिंगपुरता ठेवतात. ही उणीव नंतर कोणत्याही ड्रायव्हरने भरून निघत नाही.

एचडीएमआयची केबल घेतली तरी लॅपटॉपमधून बाहेर पडतो तो डिस्प्लेपोर्टचाच सिग्नल. थेट एचडीएमआय पाठवायचा वेगळा मोड २०१६ मध्ये आला होता, पण तो बाजारात रुजला नाही. त्यामुळे आज मिळणाऱ्या या केबलमध्ये एक छोटी चिप असते आणि ती डिस्प्लेपोर्टचे एचडीएमआय करते. हे रूपांतर एकाच दिशेने होते. जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून यूएसबी-सीच्या मॉनिटरवर चित्र न्यायला ही केबल उलटी लावून चालत नाही.

पोर्ट ओळखायचा कसा? शेजारी डी आणि पी ही अक्षरे जोडून केलेले डिस्प्लेपोर्टचे चिन्ह असेल, तर चित्र मिळते. बाण काढल्यासारखी वीज असेल तर तो थंडरबोल्ट, आणि त्यातूनही चित्र मिळते. लॅपटॉपवरच्या यूएसबी४ पोर्टला तर चित्र देणे नियमानेच भाग आहे. नुसता १० हा आकडा मात्र डेटाचा वेग सांगतो, चित्राबद्दल काहीच नाही. काही कंपन्या एकही चिन्ह छापत नाहीत. तेव्हा आपल्या नेमक्या मॉडेलच्या माहितीपत्रकात त्या पोर्टपुढे DisplayPort किंवा DP Alt Mode लिहिले आहे का, ते पाहावे. मॉडेलचे नाव एक आणि उपप्रकार अनेक असतात, म्हणून पूर्ण क्रमांक जुळवलेला बरा.

केबल दोन्ही टोकांना यूएसबी-सीची असेल, तर तिचीही तपासणी हवी. फोनच्या चार्जरबरोबर येणाऱ्या बहुतेक केबलमध्ये त्या चार वेगवान जोड्या नसतातच. मॉनिटर तिच्यावर लॅपटॉप चार्ज करील, पण चित्र येणार नाही. बोलणी फिसकटली की अनेक ॲडॉप्टर संगणकाला तसे कळवतात. विंडोजच्या Device Manager मध्ये Billboard Device असे नाव दिसले, तर ॲडॉप्टर जिवंत आहे पण चित्राचा मोड सुरू झालेला नाही, असे समजावे.

आता एक नेहमीची तक्रार. 4के मॉनिटर हबमधून जोडला, चित्र आले, पण माउस अडखळत सरकतो. सेटिंग उघडली तर ६० ऐवजी ३० हर्ट्झ दिसते. 4के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायला साधारण १२.५ गिगाबिट लागतात. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या एका मार्गिकेतून प्रत्यक्ष ४.३२ गिगाबिट जातात. हबवर वेगवान यूएसबीचे पोर्ट असले, तर दोन मार्गिका त्यांच्यासाठी राखल्या जातात. चित्राच्या वाट्याला उरलेल्या दोन मार्गिका येतात, म्हणजे ८.६४ गिगाबिट. त्यात ६० हर्ट्झ मावत नाही. अशा वेळी हब बाजूला ठेवून साधी केबल थेट लावली, तर चारही मार्गिका चित्राला मिळतात. १७.२८ गिगाबिटमध्ये तेच चित्र आरामात बसते, फक्त केबलमधली चिप 4के ६० हर्ट्झची हवी. हब हवाच असेल, तर लॅपटॉप आणि हब दोन्ही डिस्प्लेपोर्ट १.४ चे घ्यावेत. त्यात एका मार्गिकेतून ६.४८ गिगाबिट जातात, आणि दोन्हींत मिळून ६० हर्ट्झ जेमतेम मावते.

यूएसबी-सीचा एकही पोर्ट चित्र देत नसेल, तर डिस्प्लेलिंक जातीचे ॲडॉप्टर मिळतात. ते साध्या यूएसबीवरूनही चालतात, कारण त्यांचे सॉफ्टवेअर चित्र दाबून डेटा म्हणून पाठवते. त्याचा भार प्रोसेसरवर येतो. पत्रके आणि तक्ते दाखवायला हे पुरते. वेगवान गेमसाठी ते घेऊ नये.