कोण नाचला ते क्रियापदच सांगतं

‘तो गायला तेव्हा तो नाचला.’ गायला तोच नाचला की एक गायला आणि दुसरा नाचला? या मराठी वाक्यातून ते कळत नाही. मागचंपुढचं ठाऊक असेल तर ऐकणारा अंदाज बांधतो, नाहीतर विचारतो.

अमेरिकेत कोलोरॅडो नदीकाठी बोलल्या जाणाऱ्या मोहावी भाषेत असं विचारावं लागत नाही. तिथे ‘न्या-इस्वार-क ईमा-क’ म्हटलं की जो गायला तोच नाचला. ‘न्या-इस्वार-म ईमा-क’ म्हटलं की गाणारा वेगळा, नाचणारा वेगळा. ‘गाणे’ या क्रियापदाला ‘क’ लागला की ‘म’, एवढाच काय तो फरक. (दोन्ही वाक्यांच्या अगदी शेवटी येणारा ‘क’ निराळा, तो काळ दाखवतो.) तिऱ्हाइतांविषयी बोलताना ही सोय फार मोलाची ठरते, कारण ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यात गोंधळ होत नाही, तो होतो दोन ‘तो’ समोरासमोर आले की. कर्ता तोच राहिला की बदलला हे सांगणाऱ्या अशा प्रत्ययांना भाषाशास्त्रात ‘स्विच-रेफरन्स’ म्हणतात. विल्यम जेकबसेन यांनी हे नाव १९६७ साली दिलं. ताहो सरोवराच्या परिसरातल्या वाशो भाषेचा त्यांचा अभ्यास होता.

या प्रत्ययांची खरी करामत पापुआ न्यू गिनीत दिसते. तिथल्या अनेक भाषांत गोष्ट सांगताना क्रियापदांची लांबच लांब साखळी होते. काळ आणि पूर्णविराम फक्त शेवटच्या क्रियापदाला. मधली सगळी अर्धवट रूपात एकमेकांना जोडलेली. ह्यूऑन द्वीपकल्पावरच्या कॉते भाषेत ‘फिसि-रॉ नावेक’ म्हणजे तो पोहोचला आणि मग त्यानेच खाल्लं. ‘फिसि-हुक नावेक’ म्हणजे पोहोचता पोहोचता त्याने खाल्लं. ‘मु-रॉ-पिए किओवेक’ म्हणजे ते बोलले आणि मग तो रडला. इथे कर्ता बदलतो, म्हणून मधल्या क्रियापदाला ‘पिए’ हा ‘ते’चा प्रत्ययही लागला. कर्ता तोच असता तर त्याची गरज नव्हती, कारण कोण ते शेवटच्या क्रियापदावरून कळलंच असतं.

यातली खुबी अशी की प्रत्यय लागतो आधीच्या क्रियापदाला, पण बातमी देतो पुढच्या कर्त्याची. एखादी शिकारीची गोष्ट या पद्धतीने मराठीत मांडून पाहावी: ‘रानात गेला (तोच), डुक्कर पाहिलं (तोच), भाला फेकला (दुसरा), पळालं (दुसरा), मागे धावला आणि पकडलं.’ ‘फेकला’ म्हणतानाच सांगणाऱ्याच्या मनात हवं की आता पुढची हालचाल डुकराची. वाक्य संपायच्या आत पुढच्या वाक्याचा कर्ता ठरलेला असावा लागतो. मात्र ‘दुसरा’ म्हणजे नेमका कोण, ते प्रत्यय सांगत नाही. शेवटी धावला तो शिकारी की त्याचा कुत्रा? त्यासाठी नाव घ्यावं लागतं, किंवा पुरुष आणि वचन दाखवणाऱ्या प्रत्ययावर भिस्त ठेवावी लागते. शिकारी आणि कुत्रा दोघंही एकवचनी तृतीयपुरुषी असल्यामुळे इथे नाव घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

मराठीतही याची अर्धी बाजू आहे. ‘राम येऊन जेवला’ चालतं, ‘राम येऊन शाम गेला’ कानाला खटकतं. ‘ऊन’ला कर्ता तोच लागतो. पण कर्ता बदलला तरच वापरायचा असा प्रत्यय मराठीत नाही. ‘आल्यावर’ दोन्हीकडे चालतं. शिवाय ‘ऊन’चा नियमही काटेकोर नाही. ‘पाऊस पडून पीक बुडालं’, ‘त्याला जाऊन दोन वर्षं झाली’ ही वाक्यं कर्ता बदलूनही कुणाला चुकीची वाटत नाहीत.

असे अपवाद जिथे ही व्यवस्था पक्की रुजलेली आहे तिथेही सापडतात, आणि अभ्यासकांना सर्वांत जास्त विचार करायला लावतात ते हेच. पापुआ न्यू गिनीतल्याच आमेले भाषेचा जॉन रॉबर्ट्स यांनी १९८०च्या दशकात बारकाईने अभ्यास केला. त्यांच्या नोंदींत एक वाक्य आहे: त्यांनी कंद खांद्यावरून वाहिले आणि जाऊन कोठार भरलं. वाहणारे तेच, भरणारेही तेच. तरी ‘वाहिले’ला प्रत्यय लागलाय ‘दुसरा’चा. माणसं बदलली नाहीत, पण जागा बदलली. कंदाच्या मळ्यातून गोष्ट गावात आली. काळ बदलला किंवा घडलेल्या गोष्टीवरून कल्पनेतल्या गोष्टीकडे वळलं, तरीही आमेलेत असा प्रत्यय येऊ शकतो. उलट पुढचं वाक्य पावसाचं किंवा रात्र पडल्याचं असलं, तर काही भाषांत तो मधला कर्ता कर्ता म्हणून धरलाच जात नाही आणि प्रत्यय ‘तोच’चा राहतो. म्हणूनच काही अभ्यासक आता या प्रत्ययांना नुसत्या कर्त्याच्या खुणा मानत नाहीत. त्यांच्या मते हे प्रत्यय अख्ख्या प्रसंगावर नजर ठेवतात: कोण, कुठे आणि कधी. एरवी या तिन्हींत आधी बदलतो तो ‘कोण’, म्हणून पहिल्या नजरेला तो कर्त्याचा हिशेब वाटतो.