पाच टक्क्यांचे पान

शाईच्या कार्ट्रिजच्या वेष्टनावर 'सुमारे २०० पाने' असा जो आकडा छापलेला असतो, त्यातील पान कोणते हे ग्राहकाला सहसा सांगितलेले नसते. हा आकडा काढण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानके ठरलेली आहेत. इंकजेट छपाईयंत्रांसाठीचे मानक 'आयएसओ २४७११' या क्रमांकाने ओळखले जाते आणि त्यानुसार ठरावीक नमुना पाने कार्ट्रिज संपेपर्यंत पुन्हा पुन्हा छापून सरासरी काढली जाते. अशा नमुना पानावर प्रत्येक रंगाची शाई कागदाच्या साधारण पाच टक्के क्षेत्रफळावरच पडते, असा ठोकताळा छपाईच्या व्यवहारात रूढ आहे. कागदाचा किती भाग शाईने झाकला गेला, या प्रमाणाला 'आच्छादन' म्हणता येईल. पाच टक्के आच्छादनाची २०० पाने म्हणजे काठोकाठ भरलेली अवघी दहा पाने, हा हिशेब एकदा लक्षात आला की शाई बचतीच्या कोणत्या उपायाला किती महत्त्व द्यायचे, हे आपोआप ठरत जाते.

या विषयात सर्वाधिक चर्चा झाली ती फॉन्टची, म्हणजे अक्षरवळणाच्या संचाची. २००८ च्या सुमारास नेदरलँड्समधील स्प्रँक या संस्थेने अक्षरांच्या जाडीत बारीक छिद्रे ठेवलेला 'इकोफॉन्ट' तयार केला. २०१० मध्ये अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ग्रीन बे येथील शाखेने एरियलऐवजी सेंच्युरी गॉथिक हा बारीक रेषेचा फॉन्ट स्वीकारला आणि त्याला सुमारे तीस टक्के कमी शाई लागते असे सांगितले. मात्र सेंच्युरी गॉथिकची अक्षरे रुंद असल्यामुळे तोच मजकूर अधिक जागा व्यापतो आणि लांब दस्तऐवजात शाईची बचत वाढीव कागदात निघून जाण्याचा संभव राहतो. एकदोन पानांच्या पत्राला हा धोका नाही, कारण तेथे पानाच्या तळाशी जागा मोकळीच असते.

२०१४ मध्ये पिट्सबर्गच्या एका चौदा वर्षांच्या शाळकरी मुलाने इंग्रजीत वारंवार येणाऱ्या अक्षरांची वेगवेगळ्या फॉन्टमधील शाई मोजली, अक्षरे मोठी करून जाड कागदावर छापली, कापून त्यांचे वजनही केले आणि गॅरामंड वापरल्यास शाईचा खर्च सुमारे २४ टक्क्यांनी घटेल असा निष्कर्ष काढला. पद्धत कल्पक होती आणि बातमी जगभर गेली; परंतु थॉमस फिनी यांच्यासारख्या अक्षररचनाकारांनी तिच्यातील उणीव लगेच दाखवून दिली. फॉन्टचा आकार 'पॉइंट' या एककात, म्हणजे इंचाच्या बहात्तराव्या भागात, सांगितला जातो. पण तो अक्षराची प्रत्यक्ष उंची नसून अक्षर ज्या चौकटीत बसवले आहे तिची उंची असते. गॅरामंडची लहान लिपीतील अक्षरे या चौकटीत टाइम्सच्या अक्षरांपेक्षा बुटकी बसतात, त्यामुळे १२ पॉइंटचे गॅरामंड मुळातच लहान दिसते आणि ते टाइम्सइतके सुवाच्य व्हावे म्हणून आकार वाढवला की बचतीचा मोठा भाग गळून पडतो. टाइम्सच आणखी लहान आकारात छापले असते, तरी शाई वाचलीच असती.

हा भ्रम देवनागरीतही होऊ शकतो. मुंबईचे अक्षरकार र. कृ. जोशी यांनी रचलेला मंगल हा फॉन्ट आणि विंडोजबरोबरच मिळणारा कोकिळा हा फॉन्ट एकाच पॉइंट आकारात शेजारीशेजारी ठेवले, तर कोकिळेची अक्षरे उघडच लहान दिसतात. म्हणून त्या दोहोंची तुलना पॉइंट समान ठेवून नव्हे, तर अक्षराची दिसणारी उंची समान करूनच केली पाहिजे. मुंबईतील एक टाइप या संस्थेच्या मुक्त फॉन्टसारख्या एकाच कुटुंबातील अनेक जाडी उपलब्ध असतील, तर आकार न बदलता 'लाइट' ही जाडी निवडणे हा प्रामाणिक उपाय होय. मात्र देवनागरीत शिरोरेषा, मात्रा आणि जोडाक्षरांचे बारीक भाग एकमेकांलगत येत असल्याने फिकट छपाईत अनुस्वार किंवा रफार हरवण्याची भीती असते. तेव्हा एखादा परिच्छेद छापून तो वाचून पाहिल्याशिवाय असा बदल करू नये.

एवढे करूनही फॉन्टमुळे होणारी बचत ही पाच टक्के आच्छादनाचाच एक अंश असते. गडद पार्श्वभूमीचे तसे नाही. गडद निळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे असलेल्या २४ स्लाइडचे व्याख्यान आडव्या ए-४ कागदावर, प्रत्येक स्लाइड स्वतंत्र पानावर छापायचे आहे असे धरू. स्लाइडचे प्रमाण १६:९ असल्याने कागदाचा वरचा-खालचा पट्टा कोरा राहतो आणि समास सोडून सुमारे ७५ टक्के भाग रंगतो. त्या निळ्या छटेत आकाशी शाईचे प्रमाण ९० टक्के मानले, तर एकट्या आकाशी शाईचे आच्छादन ६७ टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे नमुना पानाच्या साडेतेरा पट. २०० पानांचा आकडा मिरवणारी आकाशी शाई पंधरावी स्लाइड पूर्ण होण्याआधीच संपेल, आणि किरमिजी व काळ्या शाईचा खर्च वेगळाच.

येथे अनेकांची एक गल्लत होते. छपाईयंत्राच्या सेटिंगमध्ये 'ग्रेस्केल' निवडले की शाई वाचली असे मानले जाते. वास्तविक यंत्र निळ्या रंगाऐवजी गडद राखाडी रंग छापते आणि काही इंकजेट यंत्रे तो राखाडी रंगही तिन्ही रंग मिसळूनच तयार करतात. पार्श्वभूमी जाते ती सादरीकरणाच्या प्रणालीतूनच. पॉवरपॉइंटच्या छपाई पटलावर रंगाच्या यादीत Pure Black and White निवडल्यास पार्श्वभूमी पांढरी होते आणि पांढरी अक्षरे काळी होतात. त्याच पटलावर एका पानावर सहा स्लाइड मागितल्या की वरील व्याख्यान चार कागदांत मावते. संकेतस्थळाचे पान छापताना क्रोममध्ये More settings खालील Background graphics ही खूण काढलेली असावी. पार्श्वभूमी काढण्याच्या या दोन्ही उपायांना मर्यादा एकच: पार्श्वभूमी जर छायाचित्र म्हणून चिकटवलेली असेल किंवा दस्तऐवज पीडीएफ स्वरूपात आला असेल, तर ती अशी निघत नाही आणि मूळ फाइल मागवणे हाच मार्ग उरतो.

असे अपवाद ध्यानात येतात ते छपाईपूर्व दर्शनात, म्हणजे 'प्रिंट प्रिव्ह्यू'त. ते पाहताना पहिल्या पानावर समाधान न मानता एकूण पानांचा आकडा आणि शेवटचे पान आधी पाहावे. एक्सेलच्या तक्त्याचा शेवटचा स्तंभ समासाबाहेर गेला असेल, तर अपेक्षित पानांच्या दुप्पट पाने दिसतात आणि त्यांतील निम्म्यांवर तो एकच स्तंभ असतो. Fit All Columns on One Page हा पर्याय तेथेच उपलब्ध आहे, पण बरेच स्तंभ एका पानावर कोंबले की अक्षरे वाचण्याजोगी राहिली का, हेही तेथेच तपासावे लागते. संकेतस्थळाच्या पानाचा शेवट बहुधा जाहिराती आणि दुव्यांनी भरलेला असतो. ती पाने पृष्ठक्रमांक देऊन वगळता येतात. शाई किती लागेल हे मात्र प्रिव्ह्यू सहसा सांगत नाही. ते पाहणाऱ्याने कागदाचा किती भाग काळवंडला आहे याचा डोळ्यांनीच अंदाज घ्यायचा असतो, आणि तो पाव भागाहून अधिक दिसला तर फॉन्टचा विचार बाजूला ठेवून आधी पार्श्वभूमीकडे वळावे.