दाम परदेशी, फॉर्म इंग्रजी आणि नाव तीन तऱ्हेचे

मोमिनपुऱ्यातील आमच्या एका स्नेह्यांचा मुलगा भरतकामाच्या मशीनसाठी नक्षी संगणकावर उतरवून देतो. कागदावरचे फूल पाहून टाके कुठून कुठे जातील ते ठरवायचे आणि मशीनला वाचता येईल अशी `.DST` फाईल तयार करायची, हा त्याचा धंदा. ग्राहक अमेरिकेतला, टोप्या-शर्टांवर नावे भरून देणारा. दोघांची गाठ घालून देणारी आणि पैसे पोचवणारी कंपनीही परदेशी, तिचा सारा कारभार इंग्रजीत. काम पसंत पडले, ग्राहकाने 200 डॉलर भरले आणि ते पैसे पाच आठवडे कंपनीकडेच अडकून पडले. मुलगा म्हणाला, "चाचा, माझी काही लबाडी नाही, तरी पैसे निघत नाहीत." आम्ही त्याच्याजवळ बसून एकेक रकाना वाचला. दोष एकच निघाला, पण तो तीन ठिकाणी होता. त्याचे नाव.

पॅन कार्डावर तो `SHAIKH MOHAMMAD IRFAN` (हे नाव आम्ही बदलले आहे). बँकेच्या पासबुकात `MOHD IRFAN SHAIKH`. आणि कंपनीकडे नाव नोंदवताना त्याने दुकानाच्या पाटीवरचे नाव टाकले होते. आपल्यात 'मोहम्मद'चे 'मोहद' होणे, शेख कधी आधी तर कधी शेवटी येणे, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. देशातल्या देशात एनईएफटीने पैसे येतात तेव्हा रक्कम केवळ खाते क्रमांकावर जमा होते, त्यामुळे नावाच्या अक्षरांकडे पाहण्याची सवयच आपल्याला नाही. परदेशी कंपनी मात्र बिल, कराचा फॉर्म आणि बँक खाते या तिन्हींवरचे नाव एकमेकांशी ताडून पाहते.

आधी बिलाचे पाहू. अशा कंपन्या बिल, म्हणजे `Invoice`, बहुधा स्वतःच तयार करतात. त्यावर 200 डॉलर मजुरी आणि, समजा दलाली शेकडा 10 असेल, तर 20 डॉलर कपात दिसते. हाती 180 उरतात. मुलाने वहीत 180 च लिहिले होते. हे चुकीचे. आपल्या हिशेबात उत्पन्न 200 आणि दलालीचा खर्च 20, असे दोन आकडे हवेत. पुढे कराचा हिशेब मागितला गेला तर कंपनीचा कागद 200 च सांगणार. बिल निघाले म्हणजे पैसे लगेच उचलता येतात असेही नाही. `Pending` म्हणजे रक्कम अजून रोखलेली आहे, `Available` दिसले की मगच ती काढता येते.

आता कराचा फॉर्म, कारण खरी अडचण इथेच होती. अमेरिकेतील कंपनी पहिल्यांदा विचारते, तुम्ही `U.S. person` आहात काय? ग्राहक अमेरिकेचा म्हणून मुलाने "हो" दाबले होते. त्याबरोबर समोर आला `W-9`, जो अमेरिकेच्या रहिवाशांसाठी आहे आणि जो तिथला सोशल सिक्युरिटी क्रमांक मागतो. तो नागपूरच्या माणसाकडे कुठून असणार? प्रश्न तुमच्याविषयी आहे, ग्राहकाविषयी नाही. उत्तर "नाही" दिले की योग्य फॉर्म येतो, `W-8BEN`.

त्यातला पहिला रकाना `beneficial owner` चा, म्हणजे पैसा खरोखर ज्याचा आहे तो माणूस. एकट्याच्या मालकीचे दुकान असेल तर दुकानाची पाटी इथे चालत नाही, मालकाचे स्वतःचे नाव पॅनप्रमाणे लिहावे लागते. कंपनी नोंदवलेली असेल किंवा भागीदारी असेल तर हा फॉर्मच लागू नाही, तिच्यासाठी वेगळे फॉर्म आहेत. तिसरा रकाना कायम पत्त्याचा. मुलाने आधार कार्डावरून पत्ता जसाच्या तसा उतरवला होता, आणि आपल्या आधारवर पत्त्याच्या आधी वडिलांच्या नावासह `C/O` छापलेले असते. या फॉर्मच्या सूचनांत मात्र पोस्ट बॉक्स आणि "मार्फत"चा पत्ता स्पष्ट नाकारला आहे. घर क्रमांकापासून सुरुवात करावी. रकाना `6a` मध्ये पॅन क्रमांक येतो.

आठव्या रकान्यात जन्मतारीख. अमेरिकेत महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. 7 मार्च 1998 ही तारीख तिथे `03-07-1998` अशी होते. आपल्या सवयीने `07-03-1998` लिहिले तर ती 3 जुलै ठरते. जन्म 25 तारखेचा असेल तर यंत्र हटकते, कारण 25 वा महिना नसतो; 12 तारखेपर्यंतचा असेल तर फॉर्म निमूट स्वीकारला जातो आणि चूक ओळखपत्र तपासताना बाहेर येते.

फॉर्ममधला दुसरा भाग करसवलतीचा आहे आणि त्याविषयी बाजारात फार गैरसमज आहे. "अमेरिका 30 टक्के कापते" असे आम्हीही ऐकले होते. ते सगळ्या कामांना लागू नाही. नागपुरात बसून केलेल्या मजुरीचे उत्पन्न अमेरिकेबाहेरचे धरले जाते, त्यातून तो कर कापायचा नसतो. मात्र तुमची नक्षी तिथल्या संकेतस्थळावर ठेवली आणि ती वापरणाऱ्यांकडून स्वामित्वधन मिळाले, तर 30 टक्के कपात होऊ शकते. भारत आणि अमेरिका यांच्यात 1989 साली करार झाला, त्याच्या 12 व्या कलमानुसार अशा स्वामित्वधनावरचा दर 15 टक्के आहे. म्हणजे 100 डॉलरवर 30 ऐवजी 15. पण ही सवलत मागण्यासाठी दुसरा भाग भरलेला आणि पॅन दिलेला हवा. फॉर्म सही केल्यानंतरच्या तिसऱ्या वर्षाच्या 31 डिसेंबरपर्यंत चालतो, नंतर नवा द्यावा लागतो. तो कंपनीलाच द्यायचा, अमेरिकेच्या कर खात्याकडे धाडायचा नाही.

राहिला पैसे काढण्याचा मार्ग, `Withdrawal method`. मुलाने आधी अब्बांचे खाते दिले होते. ते लगेच परत आले, कारण `Account holder name` मध्ये कामगाराचेच नाव लागते. नंतर त्याने स्वतःचे जुने पासबुक काढले. त्यावरचा आयएफएससी 11 अक्षरांचा होता, पण बँक 2020 साली दुसऱ्या बँकेत विलीन झालेली! अलाहाबाद बँक इंडियन बँकेत गेली, सिंडिकेट कॅनरात गेली. त्यांचे जुने क्रमांक आता उपयोगाचे नाहीत. या क्रमांकातले पाचवे चिन्ह नेहमी शून्य असते, तिथे इंग्रजी `O` टाकणारे पुष्कळ.

चलनाचा रकानाही दुर्लक्षू नये. समजा बाजारात डॉलर 85 रुपये आहे आणि कंपनी रुपये करून देताना 83.30 चा भाव लावते. 180 डॉलरचे 15,300 ऐवजी 14,994 मिळतील. हे 306 रुपये शुल्क म्हणून कुठे दिसत नाहीत, भावातच मुरलेले असतात. डॉलर तसेच मागवले तर वाटेतली बँक आपले शुल्क कापू शकते, म्हणून लहान रकमेला रुपयेच परवडतात.

बँकेत पोचल्यावर एक गोष्ट पाहावी. परदेशातून आलेल्या रकमेला रिझर्व्ह बँकेचा हेतुदर्शक क्रमांक लावतात. आपल्या मोहल्ल्यात आखातातून घरखर्चाचे पैसे येतात, त्यांचा क्रमांक `P1301`. विचारल्याशिवाय बँकेने तोच लावला, तर मजुरी कागदावर घरखर्च ठरते. सेवेच्या निर्यातीचा क्रमांक मागून घ्यावा आणि रक्कम आल्याचा दाखला, ज्याला एफआयआरए म्हणतात, तो बिलाबरोबर जपावा.

मुलाने बँकेत पॅन दाखवून खात्यावरचे नाव पॅनप्रमाणे करून घेतले, त्याला नऊ दिवस लागले. मग कंपनीकडचे नाव बदलले, फॉर्म नव्याने भरला. चौथ्या दिवशी पैसे जमा झाले. वीजबिलावर अजून `MOHD` च आहे, आणि पत्त्याचा पुरावा म्हणून कंपनीने आता तेच मागितले आहे.